आकडा मागण्याआधी पगाराची फोड मागा

भाचीच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी पगाराच्या बोलणीवर एक कॅरोसेल करायला घेतलं आहे. एकामागून एक सरकणाऱ्या स्लाइड्स, आणि प्रत्येक स्लाइडवर जसंच्या तसं वापरता येईल असं एखादं वाक्य. ती वाक्यं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतली, कारण माझी सगळी नोकरी पुण्यात एचआरमध्ये, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली. स्लाइडवर दोन ओळींपलीकडे काही मावत नाही. त्या ओळी ऐकल्यावर पलीकडचा माणूस काय करतो, हे मात्र माहीत असायला हवं. ते इथे सांगते.

आधी एक स्पष्ट करते. कॅम्पसमधून एकाच वेळी शेकडो जण घेतले जातात तिथे पॅकेज बहुधा सगळ्यांना एकच असतं आणि ते बदलत नाही. तिथे पगारावर शक्ती घालवू नका. रुजू व्हायची तारीख, गाव आणि बाँड आहे की नाही, एवढंच नीट विचारून घ्या. सरकारी वेतनश्रेणीतही बोलणीला जागा नसते. पुढचं जवळजवळ सगळं आहे ते एक ते चार वर्षांच्या अनुभवानंतर पहिल्यांदा नोकरी बदलणाऱ्यांसाठी. ही बोलणी बहुधा इंग्रजीत होतात, कधी हिंदीत. तरी वाक्य आधी आपल्या भाषेत मनात पक्कं करा, म्हणजे फोनवर जीभ अडखळत नाही.

स्लाइड १ : पहिल्याच फोनवर ‘सध्या किती मिळतं?’ असं विचारलं तर

*“मॅडम, माझा सध्याचा सीटीसी ४ लाख ८० हजार आहे आणि तो पूर्ण फिक्स्ड आहे. अपेक्षेबद्दल मात्र कामाचं स्वरूप समजल्यावर बोलले तर चालेल का? या पदासाठी तुमची रेंज काय ठरली आहे, ते कळलं तर मलाही नेमकं सांगता येईल.”*

सध्याचा पगार लपवू नका आणि फुगवूनही सांगू नका. पुढे शेवटच्या तीन महिन्यांच्या पे-स्लिप मागतात, बँकेचं स्टेटमेंट मागतात, काही ठिकाणी फॉर्म १६ सुद्धा. तिथे फरक दिसला की ऑफर थांबते, आणि त्या वेळी तुमच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही. मुलाखत घेणाऱ्या मॅनेजरला तुम्ही कितीही आवडलेले असा, कागद खोटा निघाला की तोसुद्धा गप्प बसतो.

अपेक्षेचा आकडा मात्र पहिल्या फोनवर सांगायची घाई करू नका. फोन करणाऱ्या रिक्रूटरसमोर त्या पदाची खालची आणि वरची मर्यादा लिहिलेली असते. तुम्ही खालच्या टोकाजवळचा आकडा बोललात तर रिक्रूटर तो टिपून घेते आणि पुढचं सगळं बोलणं त्याच्याभोवती फिरतं. म्हणून रेंज विचारा. प्रत्येक जण सांगेलच असं नाही, पण या प्रश्नाचा राग कोणालाही येत नाही. फॉर्ममध्ये आकडा भरल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल तर भरा, आणि फोनवर म्हणा, “तो आकडा अंदाजे आहे, फोड बघून नक्की सांगते.”

स्लाइड २ : ऑफरचा आकडा कळला की

*“ऑफरबद्दल मनापासून आभार. मला हे काम करायला नक्की आवडेल. सीटीसीची महिनावार फोड ई-मेलवर पाठवाल का? त्यात फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती आणि पीएफ कसा धरला आहे, हे बघायचं आहे.”*

सगळ्या स्लाइड्समध्ये हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते. एक उदाहरण पूर्ण मांडून बघू. नाशिकला घरी राहून नोकरी करणारी एक मुलगी आहे. तिचा सीटीसी वर सांगितला तो, ४ लाख ८० हजार. पुण्याच्या कंपनीने तिला ६ लाख देऊ केले. म्हणजे २५ टक्के वाढ. घरी पेढे आणावेत अशीच बातमी.

आता फोड बघा. ६ लाखांतले ६० हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षअखेरीस कंपनीचा आणि तुमचा निकाल बघून मिळणारे. बेसिक महिना २५ हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० रुपये महिना, वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे वर्षाचे १४,४३०. मेडिक्लेमचा हप्ता ८,९७०. हे सगळं सीटीसीत मोजलेलं असतं, पण महिन्याच्या महिन्याला खात्यात येत नाही. ते बाजूला काढलं की उरतात ४ लाख ९५ हजार, म्हणजे महिना ४१,२५०. त्यातून तिच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात येतात ३९,२५०. नव्या कररचनेत एवढ्या पगारावर आयकर लागत नाही, नाहीतर तोही वजा करावा लागला असता.

जुन्या नोकरीत व्हेरिएबल नव्हतं, त्यामुळे तिथे तिच्या हातात ३४,७०० पडत होते. म्हणजे कागदावरची २५ टक्के वाढ खात्यात १३ टक्क्यांची निघाली, महिना ४,५५० रुपये. नाशिकला ती घरी राहत होती. पुण्यात तिला पीजीचं भाडं आणि डबा धरायचा आहे, आणि ४,५५० रुपयांत ते दोन्ही बसत नाही. आकडा ऐकून फोनवरच ‘हो’ म्हटलं असतं तर पहिल्या पगाराच्या दिवशी तिच्या लक्षात आलं असतं की नोकरी बदलून हाती पैसा उलट कमीच राहतो.

या फोडीत तीन ठिकाणी बोट ठेवून विचारायचं. पहिलं व्हेरिएबल. *“मागच्या वर्षी या पदावरच्या लोकांना व्हेरिएबल सर्वसाधारणपणे किती टक्के मिळालं? वर्षाच्या मध्ये रुजू झाले तर ते महिन्यांच्या हिशोबाने मिळतं का?”* या प्रश्नाचं उत्तर सरळ आलं तर चांगली खूण. ‘ते परफॉर्मन्सवर असतं’ एवढंच आलं तर ते पैसे आपल्या हिशोबात अर्धेच धरा. व्हेरिएबल द्यायच्या दिवशी तुम्ही कंपनीत नसाल तर बहुतेक ठिकाणी ते मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. दुसरं ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत राजीनामा देऊन जाणाऱ्याला ती साधारण पाच वर्षं सलग काम केल्यावरच मिळते. तीन वर्षांत नोकरी बदलायचा विचार असेल तर ते १४ हजार तुमचे नाहीत. तिसरं पीएफ. तो १५ हजारांच्या मर्यादेवर १,८०० धरला आहे की पूर्ण बेसिकवर १२ टक्के, हे बघा. पूर्ण बेसिकवर असेल तर हातात कमी येतं, पण ते पैसे तुमच्याच खात्यात साठतात. त्याला तोटा म्हणू नका.

स्लाइड ३ : विचार करायला वेळ

*“फोड मिळाली, आभार. मी नीट वाचून गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळवते. चालेल ना?”*

दोन-तीन दिवस मागणं रास्त आहे. दिवस मात्र स्वतः सांगा आणि तो पाळा. ‘बघून सांगते’ म्हणून गायब होणाऱ्यांमुळे रिक्रूटर दुसऱ्या उमेदवाराशी बोलणं सुरू करते, आणि त्यात तिची चूक नसते.

स्लाइड ४ : मागणी

*“मॅडम, काम आणि टीम दोन्ही मला आवडलं आहे. फोड बघितल्यावर एक विनंती आहे. फिक्स्ड भाग ५ लाख ४० हजारांवरून ६ लाखांपर्यंत नेता येईल का? मुलाखतीत सरांनी सांगितलं होतं की क्लायंटचे मासिक रिपोर्ट मी पहिल्या महिन्यापासून स्वतंत्रपणे सांभाळायचे आहेत. ते काम मी सध्याच्या नोकरीत दीड वर्ष एकटीने करते आहे, त्यामुळे शिकवण्यात वेळ जाणार नाही.”*

इथे पलीकडची बाजू समजून घ्या. तुमच्याशी बोलणाऱ्या एचआरला बहुधा स्वतःच्या अधिकारात पगार वाढवता येत नाही. तिला मॅनेजरला आणि बऱ्याचदा फायनान्सला एक टिपण पाठवावं लागतं : उमेदवार इतके मागतो आहे, कारण असं असं. ते कारण तिला तुमच्या तोंडून मिळालं तर ती ते तसंच्या तसं उतरवते. मिळालं नाही तर ती नुसतं ‘उमेदवाराला जास्त हवे आहेत’ असं लिहिते, आणि त्या टिपणावर सही होत नाही. तुम्ही वाक्य बोलता एचआरशी, पण ते लिहून द्यायचं असतं तुम्ही कधी न भेटलेल्या माणसासाठी.

म्हणून घरच्या हप्त्याचं, बहिणीच्या लग्नाचं, पुण्यातल्या महागाईचं कारण पुढे करू नका. ती कारणं खरी असतात आणि ऐकणाऱ्याला वाईटही वाटतं, पण ती त्या टिपणात लिहिता येत नाहीत. त्याच पदावरच्या दुसऱ्या मुलीच्या घरीही हप्ता असतो. लिहिता येतं ते तुमचं काम : काय सांभाळलं, कुठलं अवजार किंवा सॉफ्टवेअर येतं, किती लवकर रुजू होता येतं. शेवटची गोष्ट फार कमी जण वापरतात. आपल्याकडे साठ-नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडने मॅनेजर मेटाकुटीला आलेले असतात. तुमचा नोटीस पिरियड तीसच दिवसांचा असेल तर ते मागणीच्या वाक्यातच सांगा.

आकडा एकच सांगा. ‘साडेसहा ते सात’ म्हटलं की समोरच्याला फक्त साडेसहा ऐकू येतं. आणि आकडा सीटीसीचा न मागता फिक्स्डचा मागा. सीटीसी व्हेरिएबल वाढवूनही फुगवता येतो, आणि मग मागणी मान्य होऊनही खात्यात काहीच बदलत नाही.

वाक्य पूर्ण झालं की थांबा. हे सगळ्यांनाच जड जातं. फोनवर चार सेकंद शांतता झाली की मुलं घाबरून स्वतःच म्हणतात, ‘नाही, म्हणजे जमत नसेल तरी चालेल.’ मग पलीकडच्या माणसाला काही करायची गरजच उरत नाही. ती शांतता नकाराची नसते. बहुधा एचआर समोरची शीट उघडून तुमच्याइतक्या अनुभवाच्या लोकांना किती मिळतात ते बघत असते. जुन्या माणसापेक्षा नव्याला फार जास्त देणं तिला अवघड असतं, आणि पुष्कळदा खरी अडचण तीच असते.

विनंती केली म्हणून ऑफर जाईल ही भीती मनातून काढा. नम्रपणे एकदा मागितलं म्हणून चांगली कंपनी ऑफर मागे घेत नाही. ऑफर जाते ती कागद खोटे निघाल्यावर, किंवा लेखी होकार दिल्यानंतर पुन्हा आकडा वाढवायला आलात तर.

स्लाइड ५ : ‘बजेट नाही’ असं उत्तर आलं तर

*“तुमची मर्यादा समजली, स्पष्ट सांगितलंत त्याबद्दल आभार. एकूण आकडा तेवढाच राहणार असेल तर व्हेरिएबलमधला काही भाग फिक्स्डमध्ये घेता येईल का? आणि मला नाशिकहून यायचं आहे, त्यासाठी एकरकमी काही तरतूद होऊ शकेल का?”*

दोन्ही गोष्टी एचआरला सोप्या जातात. व्हेरिएबल फिक्स्डमध्ये वळवलं की एकूण आकडा बदलत नाही. एकरकमी रक्कम पुढच्या वर्षीच्या पगारात धरली जात नाही. म्हणून पगारवाढीला नकार देणारा मॅनेजरही यांना ‘हो’ म्हणू शकतो.

आपल्या उदाहरणात आधीची मागणी आणि ही विनंती दोन्ही थोडी थोडी मान्य झाली तर काय होऊ शकतं ते बघू. कंपनी सीटीसी ६ लाख ३६ हजार करते आणि व्हेरिएबल ६० हजारांवरून ३६ हजारांवर आणते. वरवर पाहता वाढ फक्त ३६ हजारांची, वर्षाला सहा टक्के. पण व्हेरिएबलमधले २४ हजारही फिक्स्डकडे आले, त्यामुळे थोडी वाढीव ग्रॅच्युइटी वजा जाऊनही हातात येणारी रक्कम ३९,२५० वरून सुमारे ४४,१८० होते. महिना ४,९०० रुपयांहून जास्त. दोन वाक्यांच्या विनंतीने तिचा पुण्यातला डबा सुटला. पहिल्या महिन्याचं डिपॉझिट भागवायला एकरकमी मदत मिळाली तर उत्तमच. मात्र जॉइनिंग बोनस किंवा स्थलांतराची रक्कम वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास बहुधा परत करावी लागते, तेव्हा ते कलम वाचून घ्या.

हेही जमलं नाही तर शेवटचं एक मागता येतं : *“सहा महिन्यांनी कामाचा आढावा घेऊन पगाराचा विचार करता येईल का? तसं असेल तर ऑफर लेटरमध्ये एक ओळ घालाल का?”* तोंडी आश्वासन धरू नका. ज्याने शब्द दिला तो मॅनेजर सहा महिन्यांत बदलू शकतो, आणि नव्याला त्यातलं काही माहीत नसतं. तो काही वाईट माणूस नसतो.

एवढं करूनही सगळीकडे नकार आला तर तिथेच थांबा. तिसऱ्यांदा तीच मागणी करू नका. मग निर्णय तुमचा : घ्यायची की सोडायची.

स्लाइड ६ : दुसरी ऑफर हातात असेल तर

*“तुमच्यापासून लपवायचं नाही म्हणून सांगते, माझ्याकडे आणखी एक ऑफर आहे आणि तिचा फिक्स्ड भाग जास्त आहे. पण मला काम तुमच्याकडचं जास्त आवडलं आहे. फिक्स्ड ६ लाख झाला तर मी आजच होकार देते.”*

ऑफर खरी असेल तरच हे बोला, कारण पत्र दाखवा म्हणणारे असतात. शेवटचं वाक्य गाळू नका. एचआरला सगळ्यात मोठी धास्ती असते ती ही, की आपण आकडा वाढवायचा, मंजुरीसाठी चार दिवस धावपळ करायची आणि उमेदवार तोच आकडा घेऊन तिसरीकडे जायचा. तुम्ही होकाराची खात्री दिलीत तर ती तुमच्यासाठी जोर लावते. आणि दिलेला शब्द पाळा. एका शहरातले रिक्रूटर कंपन्या बदलत राहतात. आज ज्या मुलीला तुम्ही फसवलंत ती तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत तुमचाच बायोडेटा उघडून बसलेली असेल.

स्लाइड ७ : लेखी

*“आज फोनवर बोलल्याप्रमाणे फिक्स्ड ६ लाख, व्हेरिएबल ३६ हजार आणि रुजू व्हायची तारीख १ जुलै, असं माझ्या लक्षात आहे. काही राहिलं असेल तर कृपया सांगा. सुधारित ऑफर लेटर मिळालं की मी इथे राजीनामा देते.”*

ही ई-मेल फोन ठेवल्यावर त्याच दिवशी पाठवा. भाषा साधी ठेवा, पण आकडे स्पष्ट लिहा. सुधारित पत्र आलं की त्यातले आकडे या ई-मेलशी ताडून बघा. घाईत जुनंच पत्र पुन्हा जोडलं जातं, असं होतं. मूळ पत्रात तीन महिन्यांचा नोटीस पिरियड किंवा बाँड हळूच आला असेल तर सही करण्याआधीच विचारा : *“पान तीनवरच्या या कलमाचा अर्थ मला समजावून सांगाल का?”* अर्थ विचारणं हा कोणाचा अपमान नाही. आणि सुधारित पत्र हातात येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, मग तारीख कितीही जवळ आलेली असो.

स्लाइड ८ : आहे त्याच नोकरीत वाढ हवी असेल तर

*“सर, पुढच्या अप्रेझलआधी पंधरा मिनिटं मिळतील का? या वर्षी मी नेमून दिलेल्या कामाबाहेर काय काय केलं ते एका पानात लिहून आणलं आहे. ते बघून माझ्या पगाराचा विचार व्हावा अशी विनंती आहे. तुमच्या मते काही कमी पडत असेल तर तेही सांगा.”*

इथे शब्दांइतकंच महत्त्व वेळेला आहे. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांत वाढीचं पत्र एप्रिलच्या सुमारास हातात पडतं, आणि मुलं ते उघडून, नाराज होऊन मॅनेजरकडे जातात. तोपर्यंत त्याच्या हातात काही राहिलेलं नसतं. संपूर्ण टीमसाठी त्याला एक ठरावीक रक्कम मिळते, ती त्याने आधीच वाटून वर पाठवलेली असते आणि त्यावर सह्याही झालेल्या असतात. तुमचे पैसे वाढवायचे तर कोणाचे तरी कमी करावे लागतील. ही वाटणी होण्याआधी, म्हणजे साधारण डिसेंबर-जानेवारीत, बोलायला हवं. ते एक पान त्याच्याकडे ठेवून या, कारण वाटणी करताना तुमचं वर्षभराचं काम त्याला आठवेलच असं नाही.

प्रत्येक कंपनीचं वर्ष वेगळं असतं, काहींची वाढ जुलैत होते, काहींची ऑक्टोबरात. तुमच्याकडे आकडे कुठल्या महिन्यात वर जातात, ते या आठवड्यातच मॅनेजरला विचारून घ्या.